कामकाजाचे आठ तास म्हणजे नक्की कधीपर्यंत?

सपोर्टच्या करारात एक वाक्य हमखास असतं: 'तक्रार नोंदवल्यापासून कामकाजाच्या ८ तासांत निराकरण केले जाईल.' सही करताना दोन्ही बाजूंना ते अगदी स्पष्ट वाटतं. मग एखाद्या गुरुवारी दुपारी उशिरा तक्रारीचं तिकीट येतं, शुक्रवारी सुट्टी असते, शनिवार अर्धा असतो, आणि सोमवारी सकाळी क्लायंट म्हणतो, 'तुमची मुदत कधीच संपली.' सपोर्टवाले म्हणतात, 'अजून दोन तास आहेत.' दोघांनी आपापल्या परीने हिशेब केलेला असतो आणि बऱ्याचदा दोघांचाही चुकलेला असतो.

हा हिशेब करायचा कसा, ते एकच उदाहरण धरून पाहू. पुण्यातलं एक सपोर्ट ऑफिस घ्या. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९:३० ते संध्याकाळी ६:३०. शनिवारी १० ते २, पण दुसरा आणि चौथा शनिवार बंद. (बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी लागू झाली, त्यामुळे ही पद्धत आता सगळ्यांच्या ओळखीची आहे.) रविवार बंद. तिकीट आलं गुरुवार, ३० एप्रिल २०२६ रोजी दुपारी ४:५० ला. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी १ मे, महाराष्ट्र दिन, म्हणजे सुट्टी. २ मे हा महिन्यातला पहिला शनिवार, म्हणजे ऑफिस १० ते २ चालू. ३ मे रविवार. मुदत कामकाजाच्या ८ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची.

तास-मिनिटांत वजाबाकी करताना हात चुकतो, म्हणून सगळं मिनिटांतच मोजू. गुरुवारी ४:५० ते ६:३० अशी १०० मिनिटं मिळाली. ४८० मधून १०० गेली, ३८० उरली. शुक्रवारी ऑफिसच बंद, त्यामुळे शून्य. शनिवारी १० ते २ अशी २४० मिनिटं. ३८० मधून ती गेली, १४० उरली. रविवारी पुन्हा शून्य. सोमवारी साडेनऊला उघडल्यावर उरलेली १४० मिनिटं मोजली की ११:५० वाजतात. मुदत सोमवार, ४ मे, सकाळी ११:५०. भिंतीवरच्या घड्याळाने पाहिलं तर तिकीट येऊन ९१ तास झाले. करारातले मात्र आठच.

कसोटी सामन्यात षटकं जशी मोजतात तसंच हे आहे. खेळ थांबला की षटक तिथेच थांबतं, रात्र कितीही मोठी असली तरी त्यातून एक चेंडूही कमी होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा चेंडू तिथूनच पडतो. मुदत म्हणजे खर्च करायच्या मिनिटांचा साठा. ऑफिस उघडं असेल तेवढाच वेळ त्यातून खर्च होतो. ज्या क्षणी शेवटचं मिनिट खर्च होईल, ती मुदत.

इतकं साधं असेल तर चुकतं कुठे? चुकतं ते घाईच्या युक्त्यांमध्ये. मी पाहिलेल्या चुकांपैकी दोन पुन्हापुन्हा भेटतात.

पहिली: आधी साधे आठ तास मिळवायचे आणि उत्तर बंद वेळेत पडलं तर ते पुढच्या उघडण्याच्या वेळेवर ढकलायचं. आपल्या तिकिटात ४:५० मध्ये आठ तास मिळवले की मध्यरात्रीनंतरचे १२:५० होतात, तारीख १ मे. ऑफिस बंद, सुट्टी, म्हणून ढकला शनिवारी सकाळी दहावर. म्हणजे सपोर्टच्या माणसाला प्रत्यक्षात मिळाली फक्त गुरुवारची १०० मिनिटं. शनिवारी तो येऊन खुर्चीत बसतो न बसतो तोच तिकीट लाल. ही चूक निदान दिसते तरी, कारण तिकिटांच्या यादीत सकाळी उघडण्याच्या वेळेवर मुदतींची गर्दी झालेली असते.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण तिचं उत्तर पटण्यासारखं असतं. इथे माणूस म्हणतो, 'रात्र म्हणजे १५ तास, सुट्टी म्हणजे २४ तास. तेवढे मिळवत जाऊ.' ४:५० अधिक आठ तास, अधिक रात्रीचे १५ तास, झाले शुक्रवार दुपार ३:५०. सुट्टी आहे, २४ तास मिळवा, शनिवार दुपार ३:५०. पण शनिवारी ऑफिस दोनलाच बंद होतं, म्हणजे ११० मिनिटं जास्त झाली. ती सोमवारी साडेनऊपासून मोजली की ११:२० आले. बरोबर उत्तर ११:५०. अर्धा तास गेला कुठे? शनिवारी ऑफिस साडेनऊला नाही, दहाला उघडतं. सगळे दिवस एकसारखे धरल्यामुळे ती तीस मिनिटं फुकट मोजली गेली. ११:२० पाहून कोणालाही शंका येत नाही, वेळ ऑफिसची आहे, वार बरोबर आहे. अशी चूक वर्षानुवर्षं राहू शकते.

म्हणून बंद वेळ मिळवत बसायचं नाही, उघडी वेळ वजा करत जायचं. दिवसागणिक एकच प्रश्न विचारायचा: आज ऑफिस कुठून कुठपर्यंत उघडं आहे? उत्तर 'अजिबात नाही' असंही असू शकतं. जेवणाची सुट्टी मोजायची नसेल तर त्या दिवसाचे दोन तुकडे होतात, ९:३० ते १ आणि १:३० ते ६:३०. बाकी हिशेब तोच. हे पायथॉनमध्ये लिहिलं तर एवढंच:

```python
def deadline(start, left):
    start = start.astimezone(TZ)
    day = start.date()
    for _ in range(400):
        for a, b in windows(day):
            o = max(start, datetime.combine(day, a, tzinfo=TZ))
            c = datetime.combine(day, b, tzinfo=TZ)
            if o >= c:
                continue
            if left <= c - o:
                return o + left
            left -= c - o
        day += timedelta(days=1)
    raise ValueError("no open hours")
```

इथे `windows(day)` हे आपणच लिहायचं: तारीख दिली की त्या दिवसाचे उघडे तुकडे द्यायचे, सुट्टी असेल तर रिकामी यादी. `left` म्हणजे उरलेला वेळ, `timedelta` म्हणून दिलेला, आणि `TZ` म्हणजे ऑफिसच्या जागेचा वेळेचा पट्टा. `max` का, तर तिकीट दिवसाच्या मधेच आलं असेल तर तिथून मोजायचं, आणि सकाळी उघडण्याआधी आलं असेल तर उघडल्यापासून. ४०० दिवसांची मर्यादा उगाच घातलेली नाही. कोणीतरी चुकून सातही वार बंद असलेलं कॅलेंडर तिकिटाला जोडतो आणि मर्यादा नसेल तर हा हिशेब हजारो वर्षं पुढे धावत जातो.

या तुकड्यात सगळ्यात नाजूक जागा म्हणजे `<=` हे चिन्ह. समजा सोमवारी बरोबर साडेनऊला तिकीट आलं आणि मुदत ९ तासांची आहे. दिवसभरात बरोबर ९ तास आहेत. मुदत सोमवारी संध्याकाळी ६:३० ची की मंगळवारी सकाळी ९:३० ची? कामाची मिनिटं मोजली तर दोन्ही सारखेच, कारण मधल्या वेळात एकही मिनिट खर्च होत नाही. पण माणसांसाठी दोन्हींत पूर्ण रात्रीचा फरक आहे. क्लायंटला 'आज संध्याकाळपर्यंत' सांगायचं की 'उद्या सकाळपर्यंत'? शेवटचं मिनिट खर्च झालं तोच क्षण मुदतीचा, म्हणून ६:३०. `<=` च्या जागी `<` लिहिलं की हे उत्तर मंगळवार सकाळवर जातं. दोन सॉफ्टवेअरमध्ये एकाच तिकिटाची मुदत एका रात्रीने वेगळी दिसत असेल तर आधी हे चिन्ह तपासा.

उलट बाजूला, बरोबर ६:३० ला आलेलं तिकीट त्या दिवसाचं नव्हे. तो क्षण बंद बाजूला धरायचा, म्हणजे मोजणी दुसऱ्या दिवशी साडेनऊला सुरू. थोडक्यात, उघडण्याचा क्षण आत आणि बंद होण्याचा क्षण बाहेर. हा नियम एकदा ठरवला की जेवणाच्या सुट्टीच्या दोन्ही टोकांनाही तोच लागू होतो आणि एकही मिनिट दोनदा मोजलं जात नाही.

'दिवस' या शब्दावरूनही बरीच भांडणं होतात. करारात '३ कामाचे दिवस' लिहिलेलं असतं आणि हेल्पडेस्कच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी ७२ तास भरतो. वर कॅलेंडर कामकाजाच्या वेळेचं निवडलेलं. रोज ९ तास धरले तर ७२ तास म्हणजे आठ पूर्ण कामाचे दिवस. क्लायंटला तीन दिवसांचं वचन दिलंय, आणि सिस्टीम आठव्या दिवसापर्यंत हिरवा दिवा दाखवतेय. रिपोर्टमध्ये शंभर टक्के पालन, क्लायंट मात्र चिडलेला. इथे २७ तास भरायला हवे होते. शनिवारचा चार तासांचा दिवस हा एक 'कामाचा दिवस' मोजायचा की नाही, हा त्यातला पोटप्रश्न. तो गणिताने सुटत नाही, करारात लिहावा लागतो. माझ्या मते करारात दिवस लिहूच नयेत, तास लिहावेत.

एक्सेलमध्ये हिशेब करणाऱ्यांसाठी: `WORKDAY.INTL` आणि `NETWORKDAYS.INTL` ही फंक्शन्स सुट्ट्यांची यादी आणि साप्ताहिक सुट्टीचे वार दोन्ही घेतात, पण मोजतात पूर्ण दिवस. '१० कामाच्या दिवसांत उत्तर' अशा मुदतीला ती उत्तम. गुरुवारी ४:५० आणि शनिवार अर्धा, असल्या गोष्टी त्यांना कळत नाहीत. दुसरा आणि चौथा शनिवार बंद हेही त्यांना सरळ सांगता येत नाही. ते शनिवार सुट्ट्यांच्या यादीत एकेक करून टाकावे लागतात.

आता सुट्ट्या. वार ठरलेले असतात, सुट्ट्या नसतात. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सार्वजनिक सुट्टी राज्यात ५ सप्टेंबरला, शुक्रवारी होती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी, त्यामुळे जुलूस पुढे ढकलण्यात आला आणि राज्य सरकारने तारखेच्या तोंडावर ती सुट्टी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ८ सप्टेंबरला, सोमवारी नेली. इतर जिल्ह्यांत सुट्टी ५ तारखेलाच राहिली. २०२४ मध्येही असंच झालं होतं, तेव्हा मुंबईची सुट्टी १६ सप्टेंबरवरून १८ वर गेली होती. खासगी कंपनीवर सरकारी यादी जशीच्या तशी पाळायची सक्ती असतेच असं नाही, पण बऱ्याच ऑफिसांची यादी तिच्यावरूनच बनते.

मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि पलीकडचं ठाणे दुसऱ्या जिल्ह्यात. समजा एकाच कंपनीची दोन ऑफिसं या दोन ठिकाणी आहेत, दोन्ही सरकारी यादी पाळतात, आणि वेळा आपल्या पुण्याच्या ऑफिससारख्याच आहेत. गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५, दुपारी ४:५०, मुदत आठ तास. मुलुंडला शुक्रवार चालू झाला, म्हणून गुरुवारची १०० मिनिटं आणि शुक्रवारची ३८०. मुदत शुक्रवारी दुपारी ३:५०. ठाण्याला शुक्रवारी सुट्टी, शनिवार ६ तारीख म्हणजे पहिला, २४० मिनिटं. मुदत सोमवारी सकाळी ११:५०. दोन ऑफिसांत अंतर लोकलच्या एका स्टेशनचं आणि मुदतींत फरक जवळपास तीन दिवसांचा. म्हणून सुट्ट्यांची यादी कंपनीला नव्हे, ऑफिसला जोडायची असते, आणि तिकीट कोणत्या ऑफिसच्या कॅलेंडरवर चालतंय ते तिकिटावरच नोंदलेलं हवं.

यातून पुढचा प्रश्न येतो. सुट्टी बदलली तेव्हा जी तिकिटं आधीच उघडी होती, त्यांच्या मुदतीचं काय? बरीच सॉफ्टवेअर तिकीट आल्याबरोबर मुदत काढून तिथेच लिहून ठेवतात. यादी नंतर बदलली तरी ती तारीख जागची हलत नाही. मुलुंडच्या सुट्टीच्या वेळी शनिवार-सोमवारच्या मुदती असलेली सगळी तिकिटं अशीच चुकीची राहिली असती. योग्य पद्धत अशी: तिकिटाच्या घटना खऱ्या, म्हणजे कधी आलं, कधी थांबवलं, कधी पुन्हा चालू केलं; मुदत ही त्यांवरून काढलेली गोष्ट. यादी बदलली की सगळ्या उघड्या तिकिटांच्या मुदती नव्याने काढायच्या. बंद झालेल्या तिकिटांना मात्र हात लावायचा नाही. नाहीतर गेल्या महिन्याचा क्लायंटला पाठवलेला रिपोर्ट आज वेगळे आकडे दाखवायला लागतो आणि मग त्याचा खुलासा करत बसावं लागतं.

थांबवण्याचा उल्लेख आला, तर तो भाग नीट पाहायला हवा, कारण रोजच्या कामात सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. क्लायंटकडून माहिती हवी असेल तर सपोर्टचा माणूस तिकीट 'पेंडिंग'मध्ये टाकतो आणि घड्याळ थांबतं. उत्तर आलं की पुन्हा सुरू होतं. पुण्याच्या त्याच तिकिटात समजा शनिवारी सकाळी ११:३० ला 'त्या एररचा स्क्रीनशॉट पाठवा' म्हणून तिकीट पेंडिंग केलं. क्लायंटने रविवारी रात्री ९ ला स्क्रीनशॉट पाठवला.

शनिवारी साडेअकरापर्यंत खर्च झालेली मिनिटं: गुरुवारची १०० आणि शनिवारची ९०, एकूण १९०. उरली २९०. रविवारी रात्री ९ ला घड्याळ सुरू झालं, पण ऑफिस बंद, त्यामुळे खरी मोजणी सोमवारी साडेनऊपासून. त्यात २९० मिनिटं मिळवली की दुपारचे २:२० होतात.

ताळा करायचा तर दुसऱ्या वाटेने या. पेंडिंगच्या काळात कामाचा वेळ किती गेला? शनिवारी ११:३० ते २, म्हणजे १५० मिनिटं. मूळ मुदत सोमवार ११:५०. तिच्या पुढे कामाची १५० मिनिटं मोजा, पुन्हा २:२०. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर कुठेतरी एक तुकडा दोनदा मोजलाय किंवा सुटलाय.

इथली नेहमीची चूक म्हणजे पेंडिंगचा वेळ भिंतीवरच्या घड्याळाने मोजणं. शनिवार ११:३० ते रविवार रात्री ९ म्हणजे साडेतेहेतीस तास. ते मूळ मुदतीत मिळवले की मंगळवारी रात्री ९:२० होतात. ऑफिस बंद, म्हणून कोणी ते बुधवारी साडेनऊवर ढकलतं. सपोर्टला जवळजवळ दीड कामाचा दिवस फुकट मिळाला, तेही क्लायंटने रविवारी रात्री जागून उत्तर दिलेलं असताना. याउलट शनिवारी दोननंतर पेंडिंग केलं आणि सोमवारी उघडण्याआधी उत्तर आलं, तर बरोबर हिशेबात मुदत एका मिनिटानेही हलत नाही. घड्याळ आधीच थांबलेलं होतं. थांबलेलं घड्याळ पुन्हा थांबवता येत नाही. (संध्याकाळी सव्वासहाला घाऊक प्रमाणात तिकिटं पेंडिंग होताना दिसली, तर पंधरा मिनिटं वाचवण्यासाठी कोणी हे करत नाही, त्या सॉफ्टवेअरमध्ये रात्र धरून मोजलं जातंय हे टीमला कळलेलं असतं.)

प्राधान्य बदललं तर काय, हाही तिढा आहे. साधं तिकीट शनिवारी सकाळी 'अतितातडीचं' झालं, आणि अतितातडीची मुदत ४ तास, तीही चोवीस तास चालणाऱ्या घड्याळावर. गुरुवारी ४:५० पासून मोजलं तर ती गुरुवारी रात्री ८:५० लाच संपलेली, म्हणजे बदल केल्याक्षणी एसएलए ब्रीच, करारातली मुदत मोडली. बदलाच्या क्षणापासून मोजलं तर सपोर्टवर अन्याय होत नाही, पण मग सुरुवातीला तिकीट मुद्दाम साधं ठरवायची पळवाट उघडते. दोन्ही पद्धती चालतात. कोणती चालते ते करारात लिहिलेलं असावं, आणि सॉफ्टवेअरमध्ये तीच निवडलेली असावी.

आत्तापर्यंत सगळं एका वेळेच्या पट्ट्यात होतं आणि भारतात घड्याळ वर्षभर पुढे-मागे होत नाही, त्यामुळे आपण एका मोठ्या डोकेदुखीतून सुटतो. पुण्यातून न्यूयॉर्कचा क्लायंट सांभाळायचा असेल तर मात्र ती दारात येते. क्लायंटची कामकाजाची वेळ तिथल्या घड्याळाने सकाळी ९ ते संध्याकाळी ५. आपल्याकडे हिवाळ्यात ती संध्याकाळी ७:३० ते पहाटे ३:३० अशी पडते. ८ मार्च २०२६ ला अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे गेली आणि तीच वेळ आपल्याकडे ६:३० ते २:३० झाली.

आता कोणी कॅलेंडरमध्ये भारतीय वेळेने '७:३० ते ३:३०' भरून ठेवलं असेल तर सोमवारी, ९ मार्चला काय होतं? न्यूयॉर्कमध्ये सकाळी ९:१० ला तिकीट येतं, आपल्याकडे ६:४०. कॅलेंडर म्हणतं, अजून उघडलंच नाही. मोजणी सुरू होते ७:३० ला, म्हणजे तिथले दहा वाजता. क्लायंटची पन्नास मिनिटं गेली. संध्याकाळी उलट, तिथे पाचला ऑफिस बंद झालं तरी आपलं कॅलेंडर सहापर्यंत मिनिटं खर्च करत बसतं. दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर किंवा नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेल्यावर मुदती तासाभराने खोट्या वाटायला लागल्या, तर कारण दुसरं शोधायची गरज नाही.

शिवाय ही शिफ्ट मध्यरात्र ओलांडते. शुक्रवारची शिफ्ट आपल्याकडे शनिवारी पहाटे संपते. हिशेब भारतीय तारखेने केला तर रात्री बारानंतर 'आज शनिवार, बंद' असं उत्तर येतं आणि शिफ्टचे शेवटचे तास गायब होतात. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: ज्या ऑफिसची वेळ, त्याच ऑफिसच्या घड्याळाने आणि तारखेने मोजायचं. कॅलेंडरमध्ये उघडण्याची वेळ `09:00` आणि जागेचं नाव `America/New_York` असं साठवायचं. `-05:00` असा फरक साठवला तर तो उन्हाळ्यात चुकतो. पुण्यासाठी `Asia/Kolkata`. तिकीट आल्याचा क्षण यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवायचा आणि मोजायच्या वेळी त्या जागेच्या वेळेत आणायचा. दाखवताना पुण्यातल्या माणसाला पुण्याची वेळ दाखवा, हरकत नाही, मोजताना नको.

पायथॉनवाल्यांसाठी एक बारीक खाच. एकाच वेळपट्ट्यातल्या दोन वेळांची वजाबाकी पायथॉन भिंतीवरच्या घड्याळाने करतं, मधे घड्याळ पुढे-मागे झालं असेल तरी. अमेरिकेत हा बदल रविवारी पहाटे दोनला होतो, त्यामुळे नऊ ते पाचच्या ऑफिसला वरचा तुकडा चालतो. चोवीस तास सपोर्ट असेल तर ८ मार्चचा दिवस २३ तासांचा असतो आणि तिथे वजाबाकी आणि बेरीज यूटीसीमध्येच करावी लागते.

सुट्ट्या कोणाच्या, हाही इथला प्रश्न. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते, पुण्यात नसते. लक्ष्मीपूजनाला पुण्यात ऑफिस ओस, न्यूयॉर्कमध्ये कामाचा साधा दिवस. दोन्ही यादींतल्या सुट्ट्या वगळायच्या की फक्त क्लायंटच्या, हे आधी बोलून घ्यावं. दिवाळीच्या संध्याकाळी त्यावर ईमेल लिहायला कोणालाच आवडत नाही.

एवढं सगळं बसवल्यावर ते बरोबर चाललंय हे कळायचं कसं? पहिली तपासणी नुसत्या डोळ्यांनी होते. पुण्याच्या कॅलेंडरवरच्या सगळ्या उघड्या तिकिटांच्या मुदती एका यादीत काढा आणि वेळेनुसार लावा. एखादी मुदत पहाटे सव्वादोनची, रविवारची किंवा सुट्टीच्या दिवसाची दिसली तर हिशेब चुकलाय, आणखी पुरावा नको. बरोबर साडेनऊची मुदत दिसली तरी चुकलाय, कारण आपण ठरवलेल्या नियमाने मुदत उघडण्याच्या क्षणावर पडूच शकत नाही. निदान एक मिनिट तरी खर्च व्हायला हवं.

दुसरी तपासणी जरा कष्टाची, पण ते कष्ट यंत्राने करायचे. वरचा हुशार हिशेब बाजूला ठेवा आणि एक मठ्ठ हिशेब लिहा: तिकीट आल्यापासून एकेक मिनिट पुढे जा, प्रत्येक मिनिटाला विचारा 'ऑफिस उघडं आहे का?', हो असेल तर एक मोजा, ४८० झाले की थांबा. त्या चारशे ऐंशीव्या मिनिटाचा शेवट ही मुदत. इतक्या मठ्ठ पद्धतीत चुकायला जागाच कमी. मग वर्षातल्या वेगवेगळ्या क्षणी तिकीट आलं असं धरून दोन्ही हिशेबांची उत्तरं ताडून पाहा. पूर्ण वर्षात ५,२५,६०० मिनिटं असतात. त्यातली काही हजार निवडली तरी पुरे, पण उघडण्या-मिटण्याची अचूक मिनिटं, दुसरा-चौथा शनिवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या त्यात हव्यातच. उत्तरं जिथे जुळत नाहीत, तिथे बहुतेक वेळा एक सकाळचे ९:३० म्हणत असतो आणि दुसरा आदल्या संध्याकाळचे ६:३०.